कन्सोलसाठी हेडसेट निवडताना माइकचा रस्ता आधी तपासा

प्रश्न: माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आहे आणि चांगल्यापैकी ब्लूटूथ हेडफोन आहेत. कन्सोल ते घेईना, म्हणून यूएसबीत लावायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर आणला. आता आवाज येतो, पण गोळी झाडल्यावर जरा उशिरा ऐकू येते. शिवाय मित्र म्हणतात की तुझा आवाज लांबून येतो आणि बटणांची टकटकच जास्त ऐकू येते. डोंगलवाला हेडसेट घ्यावा का? आणि तोच हेडसेट धाकट्या भावाच्या एक्सबॉक्सवर चालेल का?

उत्तर:

तुमच्या हेडफोनमध्ये बिघाड नाही आणि ट्रान्समीटरही बहुधा ठणठणीत आहे. हेडसेट दुरुस्त करणं आणि खेळांच्या स्पर्धांसाठी कन्सोलची ध्वनिव्यवस्था लावून देणं हे माझं काम आहे. या कामात मला सर्वांत जास्त वेळा भेटलेली तक्रार नेमकी हीच आहे. हेडसेट घेताना आपण एकाच रस्त्याचा विचार करतो, कन्सोलपासून कानापर्यंतच्या. तोंडापासून कन्सोलपर्यंतचा दुसरा रस्ता वेगळा असतो आणि तो आपोआप तयार होत नाही. तुमच्याकडे पहिला रस्ता झाला आहे, तोही वळसा घालून. दुसरा झालेलाच नाही.

मित्रांच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिचं कारण समजलं की बाकीचं सोपं होतं. तुमचा ट्रान्समीटर कन्सोलला ‘मी यूएसबीचे हेडफोन आहे’ असं सांगतो. कन्सोल त्याच्याकडे आवाज पाठवतं आणि तो पुढे ब्लूटूथने तुमच्या कानापर्यंत नेतो. अशा बहुतेक ट्रान्समीटरमधून माइकचा आवाज उलट दिशेने येत नाही. कन्सोलला हेडफोनचा माइक दिसत नाही, म्हणून ते कंट्रोलरमधला माइक चालू ठेवतं. तो माइक तुमच्या मांडीवर, बोटांपासून काही सेंटिमीटरवर आहे. तोंड अर्ध्या मीटरवर आहे. मित्रांना बटणं जवळून आणि तुम्ही लांबून ऐकू येता ते यामुळेच.

खात्री करून घ्यायची असेल तर कन्सोलवर Settings > Sound > Microphone इथे जा. माइकच्या आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी तिथे दिसेल. आता हेडफोनच्या माइकवर नखाने हलकेच खरवडा, मग कंट्रोलरवरच्या माइकच्या बारीक छिद्रावर तसंच करा. ज्या जागी खरवडल्यावर पट्टी उसळते तो माइक चालू आहे. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी मी प्रत्येक तक्रारीच्या वेळी सर्वांत आधी करतो. कोणता माइक चालू आहे याबद्दल माणसांचा अंदाज फार वेळा चुकतो.

आता उशिराबद्दल. ब्लूटूथवर गाणी ऐकण्याची जी पद्धत आहे तिचं नाव ए-टू-डी-पी. ती एकाच दिशेने चालते. आवाज आकसून छोट्या पाकिटांत बांधला जातो आणि एखादं पाकीट वाटेत हरवलं तर पुन्हा मागवता यावं म्हणून हेडफोन बराच आवाज आधी साठवून ठेवतात. मग तो तुम्हाला ऐकवतात. या साठवणीमुळेच गाणं तुटत नाही आणि उशीरही तिच्यामुळेच होतो. सर्वसाधारण हेडफोनमध्ये हा उशीर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांच्या घरात जातो. सिनेमा पाहताना तो जाणवत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो. खेळात तसं करता येत नाही, कारण चित्र तुमच्या बटणाला बांधलेलं असतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या खेळात एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर झाला तर आवाज १२ चित्रं मागे पडतो. दाराआडून कोणी येत असेल तर त्याची पावलं ऐकू येईपर्यंत तो दारात उभा असतो.

तुमच्या ट्रान्समीटरच्या खोक्यावर कदाचित ‘लो लेटन्सी’ लिहिलेलं असेल. ते खोटं नाही, पण ते दोन्ही टोकांना लागू पडावं लागतं. उदाहरणार्थ, एपीटीएक्स लो लेटन्सी या पद्धतीत उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण ट्रान्समीटर आणि हेडफोन या दोघांनाही ती भाषा यायला हवी. हेडफोनला ती येत नसेल तर दोघं मुकाट्याने एसबीसी या सर्वांना येणाऱ्या जुन्या भाषेवर उतरतात आणि उशीर होता तिथेच राहतो. पडद्यावर याची काही सूचना येत नाही.

उशीर किती आहे ते घरच्या घरी मोजता येतं. कन्सोलच्या मेनूत एका बटणावर ठळक ‘टक’ असा आवाज येतो. हेडफोनचा एक कप फोनच्या माइकजवळ धरा, अंगठा आणि बटण फोनच्या कॅमेऱ्यात येऊ द्या आणि सेकंदाला ६० चित्रं या वेगाने चित्रीकरण करा. मग ती चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत बघा आणि बटण दाबल्यापासून ‘टक’ येईपर्यंत किती चित्रं गेली ते मोजा. हेच वायर लावलेल्या हेडफोनने करा. समजा वायरवर ६ चित्रं गेली आणि ट्रान्समीटरवर १८. वायरवरचा ६ चित्रांचा वेळ कन्सोल आणि कंट्रोलर यांचा स्वतःचा आहे, तो कोणत्याही हेडसेटने कमी होणार नाही. वरची १२ चित्रं, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद, हा ट्रान्समीटरचा हिशेब. एकाच मोजणीवर विसंबू नका, पाच-सहा वेळा मोजून मधला आकडा घ्या.

ब्लूटूथवर माइक चालतच नाही असं नाही. फोनवर तुम्ही याच हेडफोनमधून बोलता. पण त्या वेळी हेडफोन गाण्याची पद्धत सोडून फोन-संभाषणाच्या पद्धतीवर जातात. नेहमीच्या ब्लूटूथवर या दोन पद्धती एकाच वेळी चालत नाहीत. संभाषणाच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही. नव्या पद्धतीत १६,००० नमुने घेतात आणि मर्यादा ८ किलोहर्ट्झच्या आत राहते. ‘स’, ‘श’ यांचा सळसळणारा भाग नेमका ४ किलोहर्ट्झच्या वर असतो. म्हणून जुन्या पद्धतीत ‘सहा’ म्हटलं की समोरच्याला ‘दहा’ वाटू शकतं. आणि फक्त तुमचाच आवाज बिघडत नाही. त्याच क्षणी तुमच्या कानातला खेळाचा आवाजही एकसुरी, टेलिफोनसारखा होतो. डावं-उजवं कळेनासं होतं. संगणकावर ब्लूटूथ हेडफोन लावून खेळलेल्या कुणालाही हा अनुभव असेल: गप्पा सुरू करताच आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा होतो. तेव्हा माइकसह चालणारा ट्रान्समीटर शोधून आणलात तरी तुमचं काम भागणार नाही. एक तक्रार जाईल आणि तिच्या जागी दुसरी येईल.

हे सगळं लक्षात घेतलं की कन्सोल बनवणाऱ्यांनी ब्लूटूथ हेडफोन का टाळले याचा अंदाज येतो. प्लेस्टेशन ५ मध्ये ब्लूटूथ आहे, कंट्रोलर त्याच्यावरच चालतो, पण नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन ते थेट घेत नाही. एक्सबॉक्सही घेत नाही. निन्टेन्डो स्विचने सप्टेंबर २०२१ मध्ये १३.०.० या आवृत्तीपासून ब्लूटूथ हेडफोन चालू दिले, पण अटींसह. ते जोडलेले असताना दोनपेक्षा जास्त वायरलेस कंट्रोलर जोडता येत नाहीत, हेडफोनचा माइक चालत नाही, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या स्विचशी थेट जोडून खेळायला लागलात की हेडफोन सुटतात. एकाच छोट्या रेडिओवर कंट्रोलर, हेडफोन आणि दुसरं कन्सोल असा तिघांचा भार टाकल्यावर कुठे ना कुठे कात्री लावावीच लागते.

डोंगलचा मार्ग यापेक्षा वेगळा का, तर डोंगल आणि हेडसेट एकाच घरातले असतात. रेडिओ तोच, २.४ गिगाहर्ट्झचा. पण त्यांना जगातल्या प्रत्येक फोनशी आणि गाडीशी जमवून घ्यायचं नसतं, फक्त एकमेकांशी बोलायचं असतं. म्हणून साठवण अगदी थोडी ठेवता येते आणि आवाज जाण्यासाठी व येण्यासाठी जागा आधीच वाटून ठेवता येते. चांगल्या डोंगलवर उशीर साधारण २० ते ४० मिलिसेकंद राहतो, म्हणजे एक-दोन चित्रं. मला स्वतःला खेळताना तो कधी जाणवला नाही. कन्सोलच्या दृष्टीने डोंगल म्हणजे माइकसकट एक यूएसबी साउंड कार्ड. पुढे हवेतून काय चाललं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून प्लेस्टेशनवर बहुतेक डोंगल लावताच चालू होतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच ‘हो’ असं आहे, पण ते पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची गोष्ट करून बघा.

तुमच्या हेडफोनला ३.५ मिलिमीटरची वायर लागत असेल तर ती कंट्रोलरच्या खालच्या जॅकमध्ये घाला. कंट्रोलर आणि कन्सोल यांच्यातली आवाजाची जोडणी खेळासाठीच बनवलेली आहे, त्यामुळे तो उशीर तिथल्या तिथे जातो. त्रिमितीय आवाजही याच जॅकमधून मिळतो, त्यासाठी खास हेडसेट लागत नाही. कंट्रोलरची बॅटरी थोडी लवकर उतरते, एवढंच. माइकचा प्रश्न मात्र यानेही बहुधा सुटणार नाही. ब्लूटूथ हेडफोनच्या कपात बसवलेला माइक बहुतेक वेळा वायरवर बंदच असतो. वायरच्या पिनेवर काळ्या पट्ट्या दोनच असतील तर माइकसाठी जागाच नाही. तीन असतील तर आहे. तीन पट्ट्यांची, तोंडाजवळ येणारी दांडी असलेली माइकची वायर स्वतंत्र मिळते. ती तुमच्या हेडफोनच्या जॅकमध्ये बसत असेल तर तुमच्या दोन्ही तक्रारी नव्या हेडसेटशिवाय मिटतील. भावाच्या एक्सबॉक्स कंट्रोलरवरही ती चालेल. फक्त पिन पूर्ण आत गेली आहे ना ते बघा. अर्धवट बसलेल्या पिनेमुळे ‘माइक मेला’ म्हणून माझ्याकडे आलेले हेडसेट मी कितीतरी परत पाठवले आहेत.

वायरचा एक दोष तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. तीन पट्ट्यांच्या पिनेत दोन्ही कान आणि माइक यांची परतीची तार एकच असते. आवाज फार मोठा ठेवला की खेळाचा थोडा आवाज त्या सामायिक तारेतून माइकमध्ये झिरपतो आणि मित्रांना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो. अशा वेळी कान आणि माइक दोन्ही थोडे खाली आणा. त्यानेही जात नसेल तर वायर बदला.

आता भावाचा एक्सबॉक्स. इथे मी स्वतः फसलो आहे. एका स्पर्धेसाठी मी सहा डोंगलवाले हेडसेट आणले होते, सगळे प्लेस्टेशनवर तपासलेले. ऐनवेळी दोन टेबलांवर एक्सबॉक्स आले. तिथे ते हेडसेट लावले तर दिवा लागला, डोंगलशी जोडणीही झाली, पण आवाज शून्य. दोष हेडसेटचा नव्हता. एक्सबॉक्स कोणतंही यूएसबी साउंड कार्ड घेत नाही. परवाना घेतलेल्या उपकरणात ओळख पटवणारी व्यवस्था असते आणि ती नसेल तर कन्सोल त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दिवा लागतो तो फक्त वीज मिळते म्हणून. त्या दिवशी शेवटी कंट्रोलरच्या जॅकमध्ये वायरी लावून वेळ निभावली.

म्हणून दोन्ही कन्सोलवर एकच वायरलेस हेडसेट हवा असेल तर उलट्या बाजूने शोधा. खोक्यावर ‘Designed for Xbox’ असं लिहिलेले काही हेडसेट असे असतात की त्यांच्या डोंगलवर एक छोटा खटका असतो, एका बाजूला एक्सबॉक्स आणि दुसऱ्या बाजूला प्लेस्टेशन किंवा संगणक. असे हेडसेट दोन्हीकडे चालतात. प्लेस्टेशनसाठी म्हणून विकलेला हेडसेट एक्सबॉक्सवर चालेल अशी आशा ठेवू नका. आणखी एक सापळा म्हणजे डोंगलशिवाय थेट एक्सबॉक्सशी जोडले जाणारे हेडसेट. ते एक्सबॉक्सवर उत्तम चालतात, पण प्लेस्टेशनशी बोलायला त्यांच्याकडे ब्लूटूथच उरतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता. एकाच नावाच्या हेडसेटचे दोन वेगळे अवतार विकले जातात, रंगही सारखाच असतो. त्यामुळे नावावर जाऊ नका, खोक्यावर तुमच्या कन्सोलचं नाव छापलं आहे का ते वाचा.

डोंगल आणल्यावर तो कुठे लावायचा याला बरंच महत्त्व आहे. बरेच जण तो कन्सोलच्या मागे, बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारी खोचतात. यूएसबी ३ च्या वेगवान जोडणीतून जो रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. मागे डिस्क, पुढे टीव्हीचा पत्रा आणि मध्ये डोंगल अशी स्थिती असेल तर हेडसेट कितीही चांगला असो, आवाज तुटणारच.

माझ्याकडे आलेली अशी एक तक्रार जशीच्या तशी सांगतो. एका खेळाडूच्या हेडसेटमध्ये खेळ सुरू होताना आणि नवा नकाशा उघडताना ‘चर्र चर्र’ येई, मग दहा मिनिटं सगळं ठीक. त्याने हेडसेट एकदा बदलूनही घेतला होता, तरी तेच. वेळ लक्षात घेतली तेव्हा उलगडा झाला: नकाशा उघडताना बाहेरची डिस्क जोरात वाचली जात होती. डिस्क काढून ठेवली तर आवाज स्वच्छ. मग डिस्क परत लावली आणि डोंगल साध्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरने मीटरभर दूर, टीव्हीच्या कडेला उघड्यावर आणून ठेवला. त्यानंतर तक्रार आली नाही. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर पुढचा मोठा यूएसबी पोर्ट कमी वेगाचा आहे, डोंगलसाठी तीच जागा चांगली. आवाज तुटण्याची वेळ डिस्कशी जुळत नसेल तर संशय वाय-फायवर घ्या. कन्सोल आणि घरातले फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टाका आणि फरक पडतो का बघा. तुम्ही कन्सोलकडे पाठ करून बसल्यावरच आवाज तुटत असेल, तर तुमचं शरीरच लहरी अडवतंय. डोंगल उंच ठेवा.

चॅटच्या आवाजाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नवा हेडसेट आल्यावर पहिल्याच रात्री तो प्रश्न येईल. खेळ आणि मित्र यांचे दोन वेगळे प्रवाह असतात आणि ते कुठेतरी एकत्र मिसळावे लागतात. प्लेस्टेशन ५ वर हे मिश्रण कन्सोल करतं आणि त्याचं प्रमाण ध्वनीच्या सेटिंगमधून बदलता येतं. काही हेडसेटवर यासाठी चाक असतं, एका बाजूला फिरवलं की मित्र मोठे, दुसऱ्या बाजूला खेळ मोठा. पण काही चाकं फक्त संगणकावर चालतात, जिथे हेडसेट दोन वेगळी साउंड कार्डं म्हणून दिसतो. परवाना असलेल्या एक्सबॉक्स हेडसेटवर चाक बहुधा चालतं, कारण तिथे दोन्ही प्रवाह हेडसेटपर्यंत वेगळे येतात. चाकासाठी जास्त पैसे मोजणार असाल तर ते तुमच्या कन्सोलवर चालतं का हे आधी विचारून घ्या.

प्रमाण लावताना माझी सवय अशी. मित्रांना बोलायला सांगतो, खेळात एका जागी उभा राहतो आणि एका मित्राला माझ्या मागून चालायला लावतो. मग त्याची पावलं ऐकू येईपर्यंत चॅट खाली आणतो. माणसाचा आवाज आणि पावलांचा कुरकुरता भाग हे साधारण एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे मोठ्याने बोलणारा एकच मित्र पावलं पूर्ण झाकू शकतो. एकूण आवाज वाढवून उपयोग होत नाही, दोन्ही सारखेच वाढतात. आणि हेडसेट लावल्यावर फक्त मित्रच ऐकू येत असतील, खेळ टीव्हीवरूनच येत असेल, तर Settings > Sound > Audio Output इथे ‘Output to Headphones’ मध्ये ‘Chat Audio’ निवडलेलं असेल. ते ‘All Audio’ करा.

शेवटचा भाग माइकच्या दर्जाचा. जाहिरातीत माइकचं काहीही वर्णन असो, निम्म्याहून जास्त फरक अंतराने पडतो. अंतर निम्मं केलं की आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने वाढतो. तुमचं तोंड कंट्रोलरच्या माइकपासून ४८ सेंटिमीटरवर आहे असं धरू. दांडीचा माइक ३ सेंटिमीटरवर आला तर अंतर चार वेळा निम्मं झालं, म्हणजे सुमारे २४ डेसिबल मिळाले. पंखा, टीव्ही, बटणं यांचा आवाज तेवढाच राहतो आणि तुमचा वर येतो. हे काम कोणतीही सुधारणा-प्रणाली इतक्या स्वच्छपणे करत नाही. म्हणून मी नेहमी दांडी असलेला हेडसेट सुचवतो, कपात लपवलेला माइक नाही, दिसायला तो कितीही नेटका असला तरी. दांडी ओठांच्या समोर नको, कोपऱ्याला, दोन बोटं अंतरावर हवी. समोर ठेवली तर ‘प’, ‘फ’ म्हणताना श्वासाचे धक्के आदळतात.

वायरलेसमध्ये मात्र एक तडजोड स्वीकारावी लागते. कानाकडे जाणाऱ्या आवाजाला रेडिओची मोठी वाटणी दिली जाते आणि माइकला उरलेली. त्यामुळे अनेक डोंगलवाल्या हेडसेटचा माइक त्याच हेडसेटला वायर लावल्यावर जास्त मोकळा वाटतो. माइकचे नमुने ऐकून निवड करणार असाल तर ते ध्वनिमुद्रण डोंगलवरून केलेलं आहे ना, हे बघून घ्या. त्यातही गप्प बसल्यावर मागचा आवाज पूर्ण कापणारी सोय असते तिच्याकडे लक्ष द्या. ती फार कडक असेल तर वाक्याचा पहिला तुकडाच गिळते. ‘डावीकडे!’ असं तुम्ही ओरडता आणि मित्राला ‘वीकडे’ ऐकू येतं. तेवढ्यात ‘उजवीकडे’च म्हणाला असेल असं समजून तो चुकीच्या बाजूला वळतो. ही सोय कमी करता येत असेल तर कमी करा, थोडा पंखा ऐकू आला तरी चालेल.

स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात ऐकू देणारी सोय, जिला साइडटोन म्हणतात, ती असलेला हेडसेट मिळाला तर जरूर घ्या. कान पूर्ण झाकले की आपण किती मोठ्याने बोलतो हे कळत नाही आणि माणूस हळूहळू ओरडायला लागतो. मग माइक फाटल्यासारखा वाटतो आणि दोष हेडसेटवर जातो. ही सोय हेडसेटच्या आतच तयार होणारी हवी. रेडिओवरून फिरून आलेला आपलाच आवाज बोलताना अडखळवतो.

तुमच्या जागी मी असतो तर आज रात्री हेडफोन वायरने कंट्रोलरला लावून खेळलो असतो आणि दांडीच्या माइकची वायर बसते का पाहिलं असतं. भाऊ कधीमधीच खेळत असेल तर एवढ्यावर थांबलो असतो. वायरचा खरंच त्रास होत असेल, किंवा दोघंही रोज खेळत असाल, तर दोन्ही कन्सोलची नावं खोक्यावर असलेला, खटक्याच्या डोंगलचा, दांडीचा माइक असलेला हेडसेट घेतला असता आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी तो दोन्हीकडे तपासला असता. प्लेस्टेशनवर Settings > Captures and Broadcasts इथे चित्रफितीत तुमच्या माइकचा आवाजही घेण्याची सोय आहे. ती चालू करा, खेळता खेळता दोन मिनिटं नेहमीसारखं बोला, ‘सहा’, ‘दहा’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ हे शब्दही त्यात येऊ द्या, आणि मग ती फीत ऐका. एक्सबॉक्सवर भावाला पार्टीत बसवा आणि तुम्ही फोनवरून किंवा मित्राच्या घरून ऐका. सुरुवातीचा तुकडा गिळला जात नसेल, आकडे ओळखू येत असतील आणि बटणांची टकटक बंद झाली असेल, तर हेडसेट ठेवून घ्या.